बंद पडद्यावरचं टायपिंग

माझ्या संशयी स्वभावाला घरात सगळेच नावं ठेवतात. बायको म्हणते, हा माणूस स्वतःच्या सावलीलाही कुठं निघालीस म्हणून विचारील. विचारीन! सगळी नोकरी सरकारी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली. भोळा कंडक्टर घरी पगार कमी आणतो आणि मेमो जास्त. या नोकरीनं मला एक गोष्ट पक्की शिकवली. ज्याच्याकडं तिकीट नसतं, तो खिडकीबाहेर बघतो. तिकीट काढलेला माणूस मी जवळ आलो की डोळे वर करतो, नाहीतर खिसा चाचपतो. फुकट्याला मात्र नेमकी तेव्हाच बाहेरची बाभळ फार आवडायला लागते.

निवृत्तीनंतर आम्ही पुंडलिकनगरातल्या या घरात राहायला आलो. मी, बायको, मुलगा आणि सून. मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात होता. त्याच्या विभागाचं काम बाहेरच्या गावी हललं आणि जे कंत्राटावर होते त्यांना घरी बसवलं. त्यात आमचा नंबर लागला. पहिले काही दिवस तो सकाळी सवयीनं डबा मागायचा आणि मग आठवलं की चिडायचा. घरात माझी पेन्शन होती, पण पेन्शनीवर चार माणसं जगतात, उभी राहत नाहीत.

मग एका संध्याकाळी चहा पिता पिता विषय निघाला, की नवीन काही विकत न घेता घरात आहे त्याच वस्तूंवर काही धंदा निघतो का. आजकाल ही टूमच आहे. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर कुणीतरी हसऱ्या चेहऱ्यानं सांगत असतं, की तुमच्या स्वयंपाकघरातच सोनं पडलंय. असा फुकटचा सल्ला देणाऱ्याच्या हातात माझा हात असला की मी दुसऱ्या हातानं पाकीट धरतो.

पहिलं नाव निघालं ते बायकोच्या शिलाई मशीनचं. पायानं चालवायचं, काळं, तिच्या माहेरून आलेलं. मुलगा म्हणाला, "आई, फॉल-पिकोचं चालू कर. गल्लीत लई बाया विचारतात."

बायकोनं त्याच्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलं. "अरं, हे सरळ शिलाईचं मशीन हाय. पिकोला सुई नागमोडी चालावी लागती. त्याचं मशीन येगळं असतं. अन् ह्याला कुणी हात लावायचा नाय, आधीच सांगून ठेवते."

मशीन असं कटलं. मग मिक्सर. मुलाचा एक मित्र त्या वेळी येऊन बसला होता, त्याच्या डोक्यात मसाल्याचं खूळ भरलेलं. तो म्हणे, घरगुती मसाला, गरम मसाला, चटण्या, पुड्या भरायच्या आणि दुकानात ठेवायच्या. मिक्सर तुमचा, मेहनत दोघांची, विक्री माझी. माझे कान टवकारले. तीन वाटे सांगितले आणि त्यातला विक्रीचा वाटा, म्हणजे जिथं पैसा हातात येतो तो, यानं आपल्याकडं ठेवला. मी फक्त त्याच्याकडं बघत राहिलो. तो लवकर उठून गेला.

तेव्हा सून बोलली. ही मुलगी एरवी फारसं बोलत नाही. म्हणाली, "मामा, तो जुना कॉम्प्युटर हाय ना. त्यावर टायपिंगची प्रॅक्टिस देता येईल. तासावर."

तो कॉम्प्युटर म्हणजे मुलानं कॉलेजात असताना घेतलेला. सुरू व्हायला इतका वेळ लावायचा की तोवर भाजी निवडून व्हायची. मोबाइल आल्यापासून त्यावर कुणी बसत नव्हतं आणि त्याच्या डोक्यावर बायको निवडलेले तांदूळ ठेवायची. मला त्या डब्याचा मुळातच भरवसा नव्हता, कारण दर वेळी चालू केला की तो कुठल्या तरी मागच्या सालाची तारीख दाखवायचा. तारीख खोटी सांगणाऱ्या माणसाला मी बसमध्येही चढू दिलं नसतं. आत एक गोल सेल असतो, तो मेला की कॉम्प्युटर घड्याळ विसरतो, हे मला नंतर कळलं. मी तो सेल आणून बसवून घेतला.

सुनेचं म्हणणं मात्र बरोबर होतं. आमच्या शहरात निम्मी पोरं सरकारी नोकरीच्या परीक्षा देतात. क्लार्कच्या जागेला मराठी टायपिंग लागतं, मिनिटाला तीस शब्द. क्लासमध्ये मशीन तासभर मिळतं आणि मागं रांग उभी असते. खोलीवर गेलं की यांच्याकडं मोबाइल, आणि मोबाइलवर अंगठ्यानं कितीही झरझर लिहिलं तरी परीक्षेत दहा बोटं लागतात. टायपिंगला कॉम्प्युटर वेगवान असावा लागत नाही. कीबोर्ड चांगला असावा आणि मराठीची जुनी, टाइपरायटरसारखी मांडणी त्यात असावी, बस.

हॉलच्या कोपऱ्यात टेबल लागलं. मुलगा नाखुशीनंच "करा" म्हणाला. सुनेनं ओळखीच्या दोन-चार पोरींना सांगितलं आणि त्यांनी बाकीच्यांना.

आणि माझा छळ सुरू झाला. सगळं आयुष्य अनोळखी माणसांमध्ये काढलं ते घरी आल्यावर दार लावून बसायला मिळावं म्हणून. आता अनोळखी माणसं घरातच यायला लागली. मी दाराजवळची खुर्ची धरली. कोण आला, पिशवी केवढी होती, जाताना केवढी आहे, सगळं बघायचो. एका पोरानं दोनदा पाणी मागितलं तेव्हा मी त्याच्या मागं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. बायको म्हणाली, "पोरगं तहानलंय, दरोडा घालायला नाय आलं."

त्यांच्यात एक पडेगावची मुलगी होती. बसनं यायची, रोज, ठरल्या वेळेला. मला "काका" म्हणायची. एक दिवस मी पेपर वाचता वाचता सहज तिकडं बघितलं तर कॉम्प्युटरचा पडदा काळा. लाइट गेली म्हणावी तर डोक्यावर पंखा गरगरत होता. आणि ही पोरगी काळ्या पडद्यापुढं बसून टकाटक बोटं चालवत होती. नजर बाजूला ठेवलेल्या कागदावर. पडद्याकडं ढुंकूनही नाही.

मी उठलोच. "काय गं, काय चाललंय हे? पडदा बंद करून काय लपवायलीस?"

पोरगी दचकली. "काका, टायपिंग करायले. ताईनीच सांगितलं पडदा बंद ठेव म्हणून."

ताई, म्हणजे आमची सून, स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "मामा, पडदा चालू असला की चूक दिसती. चूक दिसली की हात थांबतो, मागं जातो. येग जातो सगळा. म्हणून नजर उताऱ्यावरच ठेवायची. झाल्यावर पडदा चालू करून बघायचं काय चुकलं ते."

तिनं बटण दाबलं. पडद्यावर सगळा मजकूर उभा होता, थोड्या चुका सोडल्या तर नीट. मी खुर्चीत परत बसलो. पण एक गोष्ट माझ्या मनात अडकली. ही युक्ती पुस्तकातली नव्हती. ज्यानं स्वतः घाम गाळलाय त्यालाच ती ठाऊक असते. सुनेनं लग्नाआधी टायपिंगची परीक्षा दिली होती हे मला माहीत होतं. पण ते जुनं झालं. ही मात्र कालच बोटं दुखली असावीत अशी बोलत होती.

झालं, माझा किडा जागा झाला. मी आता पोरांऐवजी सुनेवर लक्ष ठेवायला लागलो. ती उतारे कुठून आणते? जुन्या वर्तमानपत्रांतले अग्रलेख कापून. पण ठेवणीतले काही उतारे ती पोरांना देत नव्हती, ते टेबलाच्या खणात वेगळे होते. दुपारी बायको आडवी झाली, मी कट्ट्यावर गेलो, मुलगा काम शोधायला बाहेर, की घरात सून एकटी. आणि दुपारी एकही पोर शिकायला येत नसताना संध्याकाळी पोरं यायच्या आधी कॉम्प्युटरच्या पाठीला हात लावला की ती कोमट लागायची. बसचं इंजिन बंद केल्यावर किती वेळ गरम राहतं ते मला कुणी शिकवायला नको.

तेवढ्यात मसाल्याचा मित्र पुन्हा उगवला. त्याला मसाल्यासाठी आमचा तोच कोपरा हवा होता, कारण हॉलमध्ये तेवढाच एक मजबूत प्लग होता. मुलगाही तयार झालेला. त्याला घरात सुनेच्या धंद्यावर बसून राहणं टोचत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसायचं. बाप म्हणून मला ते कळत होतं आणि वाईटही वाटत होतं. तो म्हणाला, "टायपिंगचं काय खरं नाय. परीक्षा झाली की पोरं गायब. कॉम्प्युटर भंगारात देऊन टाकू. रविवारी भंगारवाला येईल, मी बोललोय त्याच्याशी."

मी सुनेकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

आमच्या खिडकीबाहेर समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीशिवाय काही नाही. इतकं टक लावून बघण्यासारखं त्या टाकीत काय आहे? पोरी, म्हटलं मनात, तुझ्याकडं तिकीट नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कट्ट्यावर जातो म्हणून निघालो आणि कोपऱ्यावरून परत फिरलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून टकटक ऐकू येत होती. पोरांची टकटक अडखळत चालते, खड्ड्यातल्या गाडीसारखी. ही सलग होती. मी चपला बाहेर काढून आत गेलो. सून काळ्या पडद्यापुढं बसली होती. पदर खोचलेला, नजर कागदावर, बोटं धावताहेत. तिच्या मागं मी उभा आहे हे तिला कळलंसुद्धा नाही. उतारा संपला, तिनं पडदा चालू करायला मान वर केली, आणि काळ्या काचेत माझं तोंड दिसल्यावर तिनं "अगं आई गं!" म्हणून छातीवर हात ठेवला.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

तिनं उतारा उचलून हातात धरला. मग म्हणाली, "मामा, लेखी परीक्षा दिलती मी. क्लार्कची. माहेरी गेलते ना, तवा. पास झाले. आता टायपिंगची चाचणी राहिली."

"मग हे लपवायचं काम का? चोरी केली व्हय?"

"ज्या आठवड्यात यांचं काम सुटलं, त्याच आठवड्यात माझं नाव लागलं." तिनं तो उतारा दुमडला. "ते डबा मागून परत ठेवायचे. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? अन् नापास झाले तर? वयाची अट हाय मामा. ह्याच्या पुढं मला फॉर्मच भरता येणार नाय."

मी खुर्चीत बसलो. आता सगळं जिथल्या तिथं बसलं. "म्हणजे हा धंदा तू स्वतःसाठी काढला. कॉम्प्युटर घरात राहावा म्हणून."

"दोन्हीसाठी," ती म्हणाली. "पोरांचे पैसे घरातच येतात की. पण खोटं नाय बोलत, कॉम्प्युटर गेला तर मी कुठं बसू? घरची कामं सोडून रोज बाहेर क्लासला जायला लागले तर दोन दिवसांत सगळ्यांना कळंल."

लोक म्हणतात, घरच्यांवर तरी संशय घेऊ नये. का घेऊ नये? मी संशय घेतला नसता तर रविवारी तो डबा हातगाडीवर चढला असता, सुनेनं टाकीकडं बघत ते गिळलं असतं, आणि आम्ही तिला आयुष्यभर शांत स्वभावाची म्हणत राहिलो असतो. मला स्वतःचा जरासुद्धा राग आला नाही. उलट जरा छाती फुगली. पण तिच्या बोलण्यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. म्हटलं, चाचणीचं पत्र दाखव. तिनं मोबाइलमध्ये दाखवलं. मी नाव, गाव, फोटो, सगळं तपासून बघितलं. रविवारपासून चाचणीपर्यंत थोडेच दिवस होते. तेवढे दिवस तो कॉम्प्युटर हलू द्यायचा नव्हता, आणि मुलाला कारणही कळू द्यायचं नव्हतं.

रविवारी भंगारवाला आला. गल्लीत नेहमी येणारा, तोंडात पान. त्यानं कॉम्प्युटर एका हातानं तोलून बघितला. "इसमें कुछ नै है चाचा. पुराना माल है."

"मग कशाला नेतो?" मी म्हणालो. "काही नसेल तर ठेव खाली."

मुलगा वैतागला. "दादा, आता काय झालं?"

"ह्याच्यात माझ्या पेन्शनीचे कागद हायत. आधार, बँक, सगळं तूच त्याच्यात घातलंतं. उद्या हा कुणाला विकंल, तो माझे पैसे काढंल. पेपरात रोज वाचतो मी. मी देणार नाय."

"ते पुसून टाकता येतं दादा!"

"पुसलेलं परत निघतं. तूच मला सांगितलंतं."

हे खरंच त्यानंच सांगितलं होतं. तो बायकोकडं वळला. "आई, ह्यांना समजाव."

बायको म्हणाली, "त्या माणसानं लग्नात मंगळसूत्र पण दातानं चावून बघितलंतं. मी काय समजावू?"

भंगारवाला हसत हसत निघून गेला. माझ्या मुलानं माझ्याकडं असं बघितलं, की हा म्हातारा आता पुरता कामातून गेला. बघू दे. माझा संशयी स्वभाव सगळ्या गल्लीला माहीत होता, म्हणून एकालाही माझ्या बोलण्याचा संशय आला नाही. सून कोपऱ्यात उभी होती. या वेळी ती खिडकीबाहेर बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

मित्रानं मग स्वयंपाकघरातच मसाल्याचा प्रयोग केला. धने, मिरच्या, खोबरं भाजून ढीग घातला. घरचा मिक्सर चटणीसाठी असतो, थोडा वेळ फिरवायचा आणि थांबायचा. यांनी तो थांबवलाच नाही. भांडं हात लागू देईना इतकं तापलं, जळका वास सुटला आणि मिक्सर गप्प झाला. बायकोनं त्याला उलटा करून बुडाचं लाल बटण दाबलं, तो गार झाल्यावर परत सुरू झाला, पण तिनं मसाल्याला हात जोडले. "कांडपवाल्याकडं जा," ती म्हणाली. "माझा मिक्सर जाळू नका." मित्र पुन्हा आला नाही. विक्रीचा वाटा घ्यायला विकायचं काही उरलंच नव्हतं.

दुपारी आता मी कट्ट्यावर जाणं सोडलं. सून बंद पडद्यावर टाइप करायची आणि मी दाराकडं लक्ष ठेवायचो. झालं की पडदा चालू करायचा आणि मी उतारा हातात धरून एकेक शब्द ताडून बघायचो. या कामाला माझ्यासारखा माणूस शोधून सापडला नसता. वाचणारा वाचता वाचता चूक मनातच सुधारून घेतो. मी कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही सरळ दिसो. त्या जुन्या मांडणीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागते, आणि घाईत तिची तिथंच गफलत व्हायची. मी म्हणायचो, "परत. आधी वेलांटी, मग अक्षर." ती हसायची आणि परत बसायची.

चाचणीच्या दिवशी मी घरात सांगितलं, की मला पेन्शनीच्या कामाला सुनेला सोबत न्यायचंय, मोबाइलमधलं मला कळत नाही. केंद्राच्या फाटकाबाहेर एका झाडाखाली उभा राहिलो. बाहेर आलेल्या प्रत्येकाचं तोंड बघत होतो. ती आली, आणि तिच्या तोंडावरून मला काहीच कळलं नाही. ते मला मुळीच आवडलं नाही.

निकाल लागला तेव्हा तिनं आधी मला दाखवला. मी तिचं नाव वाचलं, मोबाइल बंद करून परत चालू करायला लावला आणि पुन्हा वाचलं. तेच नाव, तोच क्रमांक. मग मीच मुलाला हाक मारली.

त्यानं ऐकून घेतलं. सुनेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला माहीत होतं दादा?"

"हो."

"अन् मला का नाही सांगितलं?" हे त्यानं तिला विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणून मी सांगितलं, ज्या आठवड्यात तुझं काम सुटलं त्याच आठवड्यात तिचं नाव लागलं होतं. तू डबा मागायचास. त्यानं मान वळवली आणि खिडकीबाहेर, त्या टाकीकडं बघत बसला. मला तिथं थांबवेना. पोटचं पोर असं बघताना कंडक्टर होऊन नाही बघता येत.

सून आता सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाते. डबा मुलगा भरतो. टायपिंगची पोरं अजून येतात, संध्याकाळी ती त्यांना बघते, उतारे मी तपासतो. पडेगावची पोरगी पुढच्या परीक्षेला बसणार आहे आणि माझी अजून खात्री आहे, की ती क आणि फ मध्ये घोळ घालणार.

मागच्या आठवड्यात मी कट्ट्यावरून दुपारी लवकर परत आलो. दार लोटलेलं. आतून टकटक येत होती. अगदी हळू, एक अक्षर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. मी चपला काढल्या. फटीतून बघितलं तर पडदा काळा होता आणि त्याच्यापुढं माझा मुलगा बसला होता, नजर कागदावर, ओठ दाबलेले, खणातले सुनेचे ठेवणीतले उतारे शेजारी पसरलेले.

मी चपला परत घातल्या आणि कट्ट्यावर जाऊन बसलो. या खेपेला मी कुणाला काही विचारलं नाही.